महालक्ष्म्यांच्या जेवणानंतरची सकाळ: जडपणा, जळजळ आणि जुलाब कुठून येतात

भाद्रपदात ज्येष्ठा नक्षत्राच्या दिवशी नागपुरातल्या ज्या घरांत महालक्ष्म्या बसतात, तिथे नैवेद्याचे पान वाढायला जागा कमी पडते. पुरणाची पोळी आणि तिच्यावर तुपाची धार, डाळीचे वडे, भजी, कढी, कटाची आमटी, सोळा भाज्या, आंबील, गव्हल्यांची खीर, आणि वर टांगलेल्या फुलोऱ्यातल्या करंज्या व सांजोऱ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडला की पहिल्या तासात येणाऱ्या माणसांपैकी बऱ्याच जणांचे म्हणणे सारखेच असते: पोट दगडासारखे झाले आहे, छातीत जळजळते आहे आणि सकाळपासून दोन-तीनदा पातळ झाले आहे. पाठोपाठ ते विचारतात, "काही खराब तर नसेल ना खाल्लं गेलं?" बहुतेक वेळा अन्न खराब झालेले नसते. उत्तम, ताजे, सोवळ्यात शिजवलेले अन्नसुद्धा हे तिन्ही त्रास देऊ शकते, आणि प्रत्येक त्रासाची जागा व कारण निराळे असते. जडपणा जठरात असतो, जळजळ जठराच्या वरच्या तोंडाशी असते आणि जुलाबाची सुरुवात मोठ्या आतड्यात होते. ही तीन कारणे वेगळी करून पाहिली, तर आपल्याला नेमके काय बाधते हे घरच्या घरी ओळखता येते.

त्यासाठी एकाच जेवणाचा माग काढू. हे जेवण माझ्या थोरल्या वहिनींचे आहे, आणि त्यांना विचारूनच मी ते इथे लिहितो आहे. त्या दिवशी पहाटेपासून त्या स्वयंपाकघरात होत्या आणि चहाखेरीज त्यांच्या पोटात काही गेले नव्हते. नैवेद्य झाला, सवाष्णी जेवल्या, पाहुण्यांच्या तीन पंगती उठल्या आणि रात्री साडेनऊला वहिनी पानावर बसल्या. तीन पुरणपोळ्या, त्यांवर साधारण सहा चमचे तूप, दोन वडे, चार भजी, थोडा वरण-भात, कढी, भाज्या आणि एक वाटी खीर असे त्यांचे जेवण झाले. आवरताना पातेल्यात उरलेली एक वाटी खीर वाया जाऊ नये म्हणून त्यांनीच संपवली. पावणेअकराला त्या आडव्या झाल्या. रात्री दीडला छातीतल्या जळजळीने जाग आली, सकाळी सातला चहाचा घोट घेताच शौचाला धाव घ्यावी लागली आणि दहापर्यंत आणखी दोनदा जावे लागले. "भाऊजी, रात्रीचं जेवण अजून इथंच आहे," असे छातीखाली हात ठेवून त्यांनी सकाळी मला सांगितले. ते वर्णन शब्दशः खरे होते.

जठराची तोटी

जठर म्हणजे नुसती पिशवी नाही. रिकामे असताना ते मुठीएवढे आखडलेले असते, आणि घास येऊ लागले की त्याचा वरचा भाग आपोआप सैल पडतो, त्यामुळे दाब फारसा न वाढता एक ते दीड लिटर ऐवज त्यात मावतो. खालचा भाग अन्न घुसळून त्याचा लगदा करतो, आणि जठराच्या खालच्या टोकाला जे स्नायूचे दार असते, ते या लगद्यातला एक-दोन मिलिमीटरपर्यंत बारीक झालेला भागच थोडा थोडा पुढे लहान आतड्यात सोडते. हे दार किती वेगाने उघडायचे हे जठर ठरवत नाही, तर लहान आतडे ठरवते. आतड्याच्या सुरुवातीच्या भागात स्निग्ध पदार्थ पोहोचले की तिथल्या पेशी कोलेसिस्टोकायनिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. हे संप्रेरक पित्ताशयाला आकुंचन पावायला लावते, स्वादुपिंडाकडून पाचकरस मागवते आणि जठराला "जरा थांब" असा निरोप देते. फार गोड, दाट पाकासारखा ऐवज आला तरी असाच निरोप जातो. जेवढे पचवता येईल तेवढेच आत घ्यायचे, हा आतड्याचा कारभार आहे, आणि तो योग्यच आहे.

या कारभाराचा वेग मोजला गेलेला आहे. पदार्थ कोणताही असो, जठर साधारणपणे मिनिटाला एक ते चार कॅलरींच्या दरम्यान, बहुतेकदा दोन-तीन कॅलरी एवढाच ऐवज पुढे पाठवते. हा वेग घड्याळासारखा पक्का नसतो. माणसागणिक तो बदलतो, सुरुवातीला थोडा जास्त असतो आणि घट्ट अन्नाच्या बाबतीत सकाळपेक्षा रात्री मंद असतो. तरीही अंदाज बांधायला तो पुरेसा आहे. रोजचे दोन पोळ्या, भाजी आणि वरण-भाताचे जेवण सहाशे कॅलरींच्या आसपास धरले आणि मिनिटाला तीन कॅलरी मोजल्या, तर जठर सव्वातीन ते साडेतीन तासांत मोकळे होते. आता वहिनींचे पान पाहू. तीन पुरणपोळ्यांच्या सुमारे ७५०, तुपाच्या २७०, वडे-भज्यांच्या ३५०, दोन वाट्या खिरीच्या ४५०, वरण-भात व कढीच्या २५० आणि भाज्यांच्या दीडशे, अशी बेरीज २,२०० च्या वर जाते. त्याच वेगाने हे जेवण पुढे सरकायला बारा तासांहून अधिक वेळ लागतो. साडेनऊला सुरू झालेले जेवण सकाळी साडेनऊ-दहापर्यंत जठरात काही ना काही शिल्लक राहणार, याचा अर्थ सातच्या चहाच्या वेळी वहिनींचे जठर अजून रिकामे झालेलेच नव्हते.

सणाच्या दुसऱ्या दिवशीचा जडपणा तो हाच. अन्न पोटात "सडते" किंवा "चिकटून बसते" असे काही होत नाही. रांग मोठी आहे आणि तोटी लहान आहे, एवढेच घडलेले असते. तूप आणि तळणाचा वाटा यात मोठा आहे, कारण एक ग्रॅम स्निग्ध पदार्थात नऊ कॅलरी असतात, तर पिष्टात किंवा साखरेत चार. त्यामुळे ताटातला ऐवज डोळ्यांना तेवढाच दिसला तरी जठराच्या हिशेबात तो दुपटीने मोठा भरतो. आपल्याकडे पुरणपोळी तुपात बुडवून खाण्याची रीत आहे आणि तिची चव मला मनापासून आवडते, पण सहा चमचे तुपाचा अर्थ जठराच्या भाषेत दीड तास असा होतो, हे ठाऊक असलेले बरे.

दिवसभराचा उपास यात भर घालतो. फार भूक लागलेली असताना माणूस भराभर जेवतो, आणि पोट भरल्याचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचायला काही मिनिटे लागतात, तोवर तिसरी पोळी पानात आलेली असते. घरातल्या बाईने सर्वांत शेवटी, सर्वांत उशिरा आणि सर्वांत थकलेल्या अवस्थेत जेवायचे या पद्धतीमुळे सर्वांत जास्त त्रासही तिलाच होतो. हे मी दर वर्षी दवाखान्यात पाहतो आणि दर वर्षी मला त्याचे वाईट वाटते.

ज्याला आपण पित्त म्हणतो ते

छातीतल्या जळजळीला आपण "पित्त झाले" म्हणतो, पण खऱ्या अर्थाने पित्त हा यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस आहे आणि तो जठराच्या पुढे, लहान आतड्यात उतरतो. जळजळ करते ते जठरातले हायड्रोक्लोरिक आम्ल. आम्ल तयार होणे हा दोष नाही, कारण जठराचे अस्तर ते सहन करण्यासाठीच बनलेले असते. अन्ननलिकेचे अस्तर मात्र तसे नसते, आणि आम्ल जागा सोडून वर अन्ननलिकेत आले की जळजळ सुरू होते. अन्ननलिका आणि जठर यांच्यामध्ये स्नायूचे एक कडे असते, ते एरवी आवळलेले राहते. जठर ताणले गेले की ढेकर बाहेर पडावा म्हणून हे कडे अधूनमधून काही सेकंद सैल होते. जठर जितके भरलेले, तितक्या वेळा ते सैल पडते. त्यातच स्निग्ध पदार्थांमुळे रक्तात आलेले ते कोलेसिस्टोकायनिन या कड्याची पकड आणखी ढिली करते.

इथे एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. जेवण झाल्यावर अन्न जठरातल्या आम्लाला बरेचसे सौम्य करते, पण नव्याने पाझरलेल्या आम्लाचा एक थर अन्नात न मिसळता त्याच्या वर, बरोबर त्या कड्याच्या खाली साचून राहतो. उभे किंवा बसलेले असताना हा थर खाली राहतो. माणूस आडवा झाला की तोच थर कड्याशी टेकतो आणि कडे सैल होताच अन्ननलिकेत शिरतो. जागेपणी आपण सतत लाळ गिळत असतो, आणि ती वर आलेले आम्ल धुऊन खाली नेते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते आणि गिळणेही थांबते, म्हणून दिवसा जी जळजळ दोन मिनिटांत गेली असती ती रात्री दीड वाजता माणसाला उठवून बसवते. वहिनींच्या जेवणात आणि झोपेत जेमतेम एक तासाचे अंतर होते, आणि पोटात अजून नव्वद टक्के जेवण होते.

यावर घरोघरी जे उपाय होतात, त्यांतले काही चालतात आणि काही उलटतात. डाव्या कुशीवर झोपणे चांगले, कारण त्या स्थितीत जठराचा मोठा, भरलेला भाग कड्याच्या खाली राहतो. उजव्या कुशीवर झोपल्यास नेमके उलटे होते. नुसत्या उशा रचून मान उंच केल्याने पोट दुमडते व दाब वाढतो, त्याऐवजी पलंगाची डोक्याकडची बाजू विटांवर उचलावी. खाण्याच्या सोड्याची पुडी आम्ल लगेच शमवते, परंतु त्यातून निघालेला वायू आधीच भरलेल्या जठरात आणखी ताण निर्माण करतो, आणि सुटणाऱ्या ढेकरांबरोबर कडे पुन्हा उघडते. थंड दूध पिताच बरे वाटते, पण त्यातली प्रथिने थोड्या वेळाने आणखी आम्ल पाझरायला लावतात, आणि पुढे खिरीबद्दल जे सांगणार आहे ते दुधालाही लागू आहे. पॅन्टोप्राझोलसारखी गोळी लोक सकाळी जळजळ सुरू असताना घेतात. ही गोळी जेवणाआधी अर्धा-एक तास घ्यायची असते, कारण ती जेवणाने चालू होणाऱ्या आम्लपंपांना बंद करते, आधीच पाझरलेल्या आम्लाला ती काही करू शकत नाही. त्या घटकेला उपयोगी पडते ते साधे, पातळ आम्लशामक औषध. त्यातही मॅग्नेशियमचा क्षार असतो, जो आतड्यात पाणी ओढून शौच पातळ करतो. सकाळपासून तीन-चार झाकणे औषध घेऊन मग जुलाब होतात म्हणून घाबरलेली माणसे मी पाहिलेली आहेत.

कट, पुरण आणि खीर

आता जुलाबाकडे वळू, कारण इथेच सर्वांत जास्त गैरसमज आहेत. आधी पाण्याचा हिशेब समजून घ्यावा लागेल. दिवसभरात आपण जे खातो-पितो त्यातून साधारण दोन लिटर पाणी पोटात जाते, आणि लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस व आतड्याचा रस मिळून आणखी सुमारे सात लिटर त्यात पडते. या नऊ लिटरांपैकी बहुतेक सगळे लहान आतडे परत शोषून घेते, दीडेक लिटर मोठ्या आतड्यात उतरते, आणि शौचातून बाहेर पडते ते फक्त शंभर-दोनशे मिलिलिटर. याचा अर्थ असा, की या प्रचंड उलाढालीत थोडीशी गडबड झाली तरी शौच पातळ होते. आतड्यात न शोषलेली साखर राहिली तर ती आपल्याभोवती पाणी धरून ठेवते, आणि ते पाणी मोठ्या आतड्यात जाते. सणाच्या पानात अशी न शोषली जाणारी साखर दोन ठिकाणांहून येते. ज्या साखरेला आणि गुळाला आपण दोष देतो, ते त्यात मुख्य नाहीत. नेहमीची साखर लहान आतडे चांगली पचवते.

पहिले ठिकाण म्हणजे हरभऱ्याची डाळ. तिच्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या जोडसाखरा असतात, ज्या फोडणारे एन्झाइम माणसाच्या लहान आतड्यात मुळीच नसते. धडधाकट माणसातही त्या जशाच्या तशा मोठ्या आतड्यात पोहोचतात आणि तिथले जीवाणू त्यांवर ताव मारतात, त्यातून हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड, आणि काही जणांत मिथेनही, असे वायू तयार होतात. या साखरा पाण्यात विरघळणाऱ्या असल्यामुळे डाळ शिजवताना त्यांचा बराच भाग पाण्यात उतरतो. पुरणासाठी डाळ शिजवून तिचे पाणी आपण निथळून काढतो, तेव्हा पुरण त्या मानाने सोपे होते. पण ते निथळलेले पाणी म्हणजेच कट, आणि त्याची आमटी त्याच पानात वाढली जाते. सुवास आणि चव दोन्ही बाबतींत कटाच्या आमटीला तोड नाही, परंतु डाळीतून जे काढले ते वाटीने परत घेतले, असा तो प्रकार आहे. शिवाय डाळीचे वडे, बेसनाची भजी, कढीतले बेसन, वाटल्या डाळीची चटणी हे सगळे त्याच धान्याचे अवतार. वऱ्हाड-नागपूरकडच्या सणाच्या पानात हरभऱ्याची डाळ पाच-सहा वेशांत समोर येते, हे मोजल्याशिवाय लक्षात येत नाही.

दुसरे ठिकाण म्हणजे दूध. दुधातली साखर, लॅक्टोज, फोडायला लॅक्टेज हे एन्झाइम लागते. तान्ह्या बाळात ते भरपूर असते आणि मोठेपणी भारतातल्या बहुसंख्य लोकांत ते कमी होत जाते. हा आजार नव्हे, शरीराचा तो नेहमीचा क्रम आहे. अशा माणसाला साधारण बारा ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे पेलाभर दूध, एका वेळी बहुधा सोसते. चहातले दूध तर कोणालाच बाधत नाही, म्हणूनच "मला दूध चालते" असे सगळे खात्रीने सांगतात. पण खीर किंवा बासुंदी करताना दूध आटवतो तेव्हा पाणी जाते आणि लॅक्टोज तिथेच राहते. लिटरभर दुधात ते सुमारे ४८ ग्रॅम असते. दूध निम्म्यावर आटवले, तर दीडशे मिलिलिटरच्या एका वाटीत तीनशे मिलिलिटर दुधाचे, म्हणजे चौदा ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज येते. वहिनींनी दोन वाट्या घेतल्या, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅम. खव्यातही हेच घडते, आणि आपल्या संत्रा बर्फीतही खवा असेल तर तीच गोष्ट. याउलट ताकात आणि दह्यात जीवाणूंनी थोडे लॅक्टोज आधीच संपवलेले असते व उरलेले पचवायला तेच जीवाणू आतड्यात मदत करतात. ताकातल्या ज्वारीच्या आंबिलीला आपल्या पूर्वजांनी याच पानात जागा दिली, ही मला फार सुंदर योजना वाटते.

मग त्रास रात्रीच न होता सकाळी का होतो? कारण तीच तोटी. रिकाम्या पोटी दूध प्यायले तर ते लवकर पुढे जाते आणि दोन-तीन तासांत पोट गुडगुडते. तुपा-तळणाबरोबर घेतलेली खीर जठरात अडकून पडते आणि थोडी थोडी उतरते. जठरातून सुटलेला ऐवज लहान आतडे ओलांडायला आणखी तीन ते पाच तास घेतो. त्यामुळे साडेनऊच्या जेवणातला पहिला भाग मोठ्या आतड्यात पोहोचेपर्यंत पहाटेचे दोन-तीन वाजतात आणि जीवाणूंचे काम सूर्योदयापर्यंत भरात येते. त्यावर सातचा गरम चहा पडला, की जठरात काही उतरताच मोठे आतडे आकुंचन पावण्याची जी प्रतिक्षिप्त क्रिया असते ती जागी होते आणि माणूस धावतो. चहाने काही बिघडवलेले नसते, त्याने फक्त वेळ ठरवलेली असते.

पित्ताचा, म्हणजे खऱ्या पित्ताचाही, यात थोडा हात असतो. तुपासाठी पित्ताशयाने ओतलेल्या पित्तक्षारांपैकी सुमारे ९५ टक्के लहान आतड्याच्या शेवटी परत शोषले जातात. ओघ मोठा असला आणि काही क्षार पुढे निसटले, तर ते मोठ्या आतड्याला पाणी सोडायला लावतात. पित्ताशय काढलेल्या माणसांना तेलकट जेवणानंतर लगेच जावे लागते, त्यामागे बहुधा हेच असते. आणि मधुमेहींसाठी आणलेल्या बिनसाखरेच्या मिठाईत माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल असेल तर ती लॅक्टोजसारखीच वागते. तीन-चार वड्या खाल्ल्यावर जुलाब झाले तर नवल मानू नये.

खराब अन्नाची ओळख

हे सगळे ताज्या अन्नाचे झाले. परंतु भाद्रपदातली उकाड्याची हवा आणि रात्रभर ओट्यावर राहिलेले पातेले यांतून खरीच विषबाधा होऊ शकते, आणि नुसत्या वेळेवरून दोन्ही वेगळे करता येत नाहीत. भातात वाढणारा बॅसिलस सेरेयस आणि खवा-खिरीत हाताच्या संसर्गाने शिरणारा स्टॅफिलोकोकस यांचे विष एक ते सहा तासांत उलट्या आणते, आणि ते पुन्हा उकळल्याने नाहीसे होत नाही. म्हणून मुख्य त्रास उलट्यांचा असेल, ताप असेल, शौचात रक्त किंवा आव असेल, दिवसात सहा-सात जुलाब झाले असतील किंवा एकाच पंगतीतले अनेक जण एकाच पदार्थानंतर आजारी पडले असतील, तर ते जास्त जेवल्याचे लक्षण मानू नये. केवळ जास्त जेवल्याने आलेले जुलाब दोन-चार वेळा होऊन थांबतात, शौच फेसाळ आणि वायूसह असते, ताप नसतो, आणि पुढचे जेवण हलके ठेवले की संध्याकाळपर्यंत पोट शांत होते. उरलेला भात-खीर दोन तासांच्या आत पसरट भांड्यांत काढून फ्रीजमध्ये ठेवणे, एवढे केले तरी बराच धोका टळतो.

दोन दुखणी सणाच्या दुसऱ्या दिवशी "अॅसिडिटी" म्हणून अंगावर काढली जातात, ती मात्र काढू नयेत. उजव्या बरगडीखाली किंवा वरच्या पोटात अर्ध्या तासाहून अधिक वेळ सलग दुखत असेल आणि कळ उजव्या खांद्याकडे किंवा पाठीत जात असेल, तर पित्ताशयातल्या खड्याची तपासणी करावी लागते. छातीत जळजळीऐवजी दाब किंवा आवळल्यासारखे वाटत असेल, दरदरून घाम, धाप, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर सोड्याची पुडी शोधत बसू नये, सरळ १०८ ला फोन करावा. मधुमेही आणि पन्नाशीपुढच्या माणसांत हृदयविकाराचा झटका कित्येकदा फक्त अपचनासारखा जाणवतो.

साध्या त्रासात करायचे फार थोडे असते. खरी भूक लागेपर्यंत खाऊ नये, कारण रांग अजून संपलेली नसते, आणि सकाळी उरलेल्या पुरणपोळीचा नाश्ता म्हणजे त्या रांगेच्या शेवटी आणखी दोन तास जोडणे. भूक लागल्यावर मऊ मुगाची खिचडी आणि पातळ ताक पुरते. जुलाब होत असतील तर ओआरएसचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात विरघळवून घोट घोट घ्यावे. निम्म्या पाण्यात ते दाट केले तर तेही आतड्यात पाणी ओढते. वीस मिनिटे संथ चालल्याने जठर थोडे लवकर मोकळे होते.

वहिनींनी पुढच्या वर्षी एक प्रयोग केला. पाहुण्यांच्या पहिल्या पंगतीबरोबर, दुपारी अडीचलाच, त्या जेवायला बसल्या. सासूबाईंना आधी ते रुचले नाही, पण त्यांनीच शेवटी वाढले. खीर वहिनींनी प्रसादापुरती दोन चमचे घेतली, पोळ्या मात्र मागच्या इतक्याच, तीन, आणि तूपही तितकेच. रात्री त्यांनी काहीच खाल्ले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी विचारायला गेलो तेव्हा जळजळ नव्हती आणि पोटही बिघडलेले नव्हते. वायू झाला होता, कारण कटाची आमटी त्यांनी सोडली नव्हती. आणि जडपणा रात्री अकरापर्यंत तसाच होता.